प्रल्हादाने आधी झालेलं सांगितलं

वाचकाचं पत्र

ताई, मी ४३ वर्षांचा. सोलापुरातच टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचे अप्पा मागावर होते. मारायचे. पट्ट्याने, एकदा तर धोट्याने. मी अकरा वर्षांचा असताना भिवंडीला कामाला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. आईने विड्या वळून मला आणि बहिणीला वाढवलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही अप्पा आले नाहीत. आता ७४ वर्षांचे आहेत, तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि कुणीतरी त्यांना काकांच्या दारात आणून सोडलं. काका म्हणतात, तुझा बाप आहे, घेऊन जा. बायको म्हणते, झालं गेलं विसरा. एका प्रवचनात ऐकलं की आईबापाला माफ न करणाऱ्याला कुठलंच पुण्य लागत नाही. म्हणून गेलो, पाया पडलो, ‘अप्पा, माफ केलं’ म्हणालो. घरी येऊन रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून माझ्या दहा वर्षांच्या मुलावर हात उगारला. मी खोटा आहे का? लोक माफ करतात म्हणजे नेमकं काय करतात?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

भाऊ,

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी मुलाचं. हे वाचून झालं की आजच्या आज त्याला जवळ बसवा आणि एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी मी तुझ्यावर हात उगारला. ते चुकलं. त्यात तुझा काही दोष नव्हता.’ पुढे ‘पण तू पण ऐकत नाहीस ना’ असं जोडू नका. अप्पांची कहाणी सांगू नका, ती त्याच्या वयाला झेपणारी नाही. खाऊ आणून भरपाईही करू नका. तो कदाचित ‘बरं’ म्हणेल आणि खेळायला पळेल. पळू द्या. ही तीन वाक्यं बोलताना तुमचा घसा दाटून येईल. का दाटून येईल, ते पुढे बोलू.

आता तुम्ही ऐकलेल्या प्रवचनाबद्दल. मी स्वतः गेली वीस वर्षं निरूपण करते. पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं, त्यामुळे आईवडिलांचा विषय निघाला की आम्हा सगळ्यांच्या तोंडी पुंडलिक येतो. मीही वर्षानुवर्षं तोच सांगत आले. एकदा आरती झाली, माणसं पांगली, सतरंजी गुंडाळायला घेतली तरी एक बाई जागची हलेना. पन्नाशीची असेल. शाळेत पोषण आहार शिजवायची. मी जवळ गेले तशी म्हणाली, “ताई, पुंडलिक वाईट मुलगा होता. त्याचे आईबाप चांगले होते. माझ्यात उलटं आहे. मी चांगली होते, आई वाईट होती. माझी गोष्ट कुठल्या पोथीत आहे?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ती बोलली ते खरंच होतं. पुंडलिकाची कथा आईबापाला छळणाऱ्या आणि मग पस्तावलेल्या मुलाची आहे. ज्याला आईबापानेच छळलं, त्याला ती ऐकवायची म्हणजे पायात काटा रुतलेल्या माणसाला ‘तू दुसऱ्याच्या वाटेत काटे टाकू नकोस’ असं सांगायचं. त्याला ते लागू होत नाही, पण तो बिचारा आपलंच काही चुकलं असं धरून चालतो. तुम्हीही तेच धरून चाललात, म्हणून प्रवचनातून उठून थेट काकांच्या घरी गेलात.

तुमची गोष्ट प्रल्हादाची आहे. भागवताचा सातवा स्कंध, दहावा अध्याय. विष, हत्ती, आग, कड्यावरून ढकलणं हे सगळं आपल्याला पाठ असतं, आणि खांबातून नरसिंह आला की कथा संपली असं वाटून आपण प्रसादाला उठतो. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरला मी कितीदा जाऊन आले, तिथेही बोलणं खांबापर्यंतच येऊन थांबतं. पण खरी कथा पुढे आहे. नरसिंह प्रल्हादाला म्हणतो, वर माग. प्रल्हाद आधी स्वतःच्या मनासाठी मागतो, की माझ्या हृदयात कसलीही हाव उगवू नये. आणि मग बापासाठी मागतो, की माझे वडील त्या पापातून शुद्ध व्हावेत.

हे मागताना तो काय बोलतो ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तो असं म्हणत नाही की वडील मनाने चांगले होते, किंवा झालं ते झालं. तो सरळ सांगतो, की यांनी तुझी निंदा केली, आणि तुझा भक्त असलेल्या माझ्याशी यांनी पाप केलं. ‘माझ्याशी’ हा शब्द त्यात आहे. त्याच दमात तो कारणही सांगतो: तू यांच्या भावाचा जीव घेतलास असं यांच्या डोक्यात बसलं होतं, त्या रागाने यांचं मन जळत होतं. वराहाने हिरण्याक्षाला मारलं होतं, तो घाव हिरण्यकशिपूने पोराच्या अंगावर काढला. प्रल्हादाला ते कळत होतं. कळलं म्हणून त्याने पापाला पाप म्हणायचं सोडलं नाही. आणि हे सगळं तो बोलला केव्हा? बापाचा उगारलेला हात कायमचा खाली आल्यावर.

म्हणजे क्रम असा झाला: आधी धोका टळला, मग झालेल्या गोष्टीला नाव दिलं, मग तिच्यामागचं कारण पाहिलं, आणि शेवटी मागणं मागितलं. तुम्ही एका संध्याकाळी एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारलीत. मधलं सगळं राहिलं, आणि ते राहिलेलं रात्रभर तुमच्या उशाशी बसून राहिलं. यात खोटेपणा काही नाही. तुम्ही मनापासूनच बोललात. फक्त जे काम महिन्यांचं आहे, ते एका वाक्यात उरकायला निघालात.

ही पोथीतलीच गोष्ट आहे असं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांची सगळी हयात क्षमा या एकाच विषयात गेली. १९९५ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. कॉलेजातली जी मुलं म्हणत होती की आम्हाला आईचं किंवा बापाचं प्रेम मिळालंच नाही, त्यांच्यावर तो होता. एका गटाला चार बैठकांत ‘मी क्षमा करायचं ठरवतो’ इथपर्यंतच नेलं. दुसऱ्या गटाला सहा बैठका दिल्या आणि ठरवल्यानंतरचं कामही करून घेतलं, म्हणजे त्या आईबापाकडे माणूस म्हणून बघणं, स्वतःचं दुःख ओळखून ते पेलणं. पहिल्या गटातल्या मुलांना उमेद वाटू लागली, क्षमेची तयारी झाली. पण आईबापाबद्दलचं मन बदलणं, स्वतःबद्दल बरं वाटणं, जिवाची घालमेल कमी होणं, हे दुसऱ्या गटात दिसलं. ठरवणं ही सुरुवात आहे आणि ती तुम्ही केलीत. तेव्हा तुमचं ते ‘माफ केलं’ मागे घेऊ नका. तो ठराव समजा. अंमल व्हायचाय.

अंमल म्हणजे काय करायचं, हे मी त्या पोषण आहारवाल्या बाईंबरोबर शिकले. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. त्या जन्मल्या त्याच वर्षी त्यांचा दोन वर्षांचा भाऊ तापाने गेला. तेव्हापासून आई त्यांना ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायची. ताटावर शेवटी बसवायची. सातवीतून शाळा सोडवली. आई अजून आहे, दुसऱ्या भावाकडे असते, आणि लेकीच्या केसांत पांढरं आलं तरी तोच शब्द वापरते.

मी त्यांना पहिल्यांदा लिहायला सांगितलं. त्यांनी वहीत एक ओळ लिहून आणली: ‘आईने मला फार छळलं.’ अशा वाक्याने काही होत नाही. ते इतकं मोठं असतं की त्याला हात कुठे लावायचा तेच कळत नाही. म्हणून मी म्हटलं, एकच दिवस लिहा. त्यांनी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस लिहिला. सकाळी वेणी घालून, पॅड घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. आईने पॅड हातातून घेतलं, चुलीसमोर राख सारायला वापरलं आणि म्हणाली, तुझ्या पायाने जाईल ती परीक्षाही बुडेल. काय झालं, त्या वेळी अंगात काय वाटलं, आणि त्याने पुढे आयुष्यात काय गेलं, हे तीन भाग त्यांनी चार रात्री लिहिले. दुसऱ्या रात्री त्यांना ओकारी आल्यासारखं झालं. चौथ्या रात्री पहिल्यांदा त्या स्वतःसाठी रडल्या. तोपर्यंतचं त्यांचं सगळं रडणं ‘आई असं का वागली’ यासाठीचं होतं.

तुम्हीही असंच लिहा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात दडपलेलं लिहवून घेतलं होतं. तोच बेत ठेवा. अप्पांनी मारलं, अप्पा गेले, असं लिहू नका. धोट्याचा दिवस लिहा. मी सोलापूरच्या पूर्व भागातच वाढले, आमच्या घरातही माग होते, त्यामुळे धोट्याला दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते हे मला माहीत आहे. पण तो कुठे लागला, आई त्या वेळी कुठे होती, माग चालू होता की बंद, नंतर तुम्ही कुठे जाऊन बसलात, हे तुम्हालाच माहीत आहे, आणि तीस वर्षांत ते तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी ते गेले तो दिवस लिहा. तिसऱ्या दिवशी आईच्या मातीचा, दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे तुम्ही बघत होतात तो. चौथ्या दिवशी जे येईल ते. लिहिल्यावर तासभर मन जास्तच खराब होतं, ते अपेक्षित आहे. पण आठवडा उलटूनही झोप येत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर वही मिटा आणि डॉक्टरकडे जा. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

लिहून झालं की दुसरं काम, कारण शोधायचं. इथे माणसं दोन्हीकडून घसरतात. कुणी कारण ऐकायलाच तयार नसतो, त्याला वाटतं कारण ऐकलं म्हणजे सूट दिली. कुणी कारण मिळताच आपला हिशोब फाडून टाकतो, ‘बिचाऱ्याचं बालपणच तसं होतं’. दोन्ही चूक. त्या बाईंनी मावशीला विचारलं तेव्हा कळलं, की भाऊ गेला त्या रात्री आजीने त्यांच्या आईला दाराबाहेर काढलं होतं. ‘पोरगी आणलीस आणि पोरगा खाल्लास.’ बाळंतीण बाई, कडेवर पंधरा दिवसांची मुलगी, रात्रभर ओट्यावर. पांढऱ्या पायाचा शब्द आधी आईलाच लागला होता, तिने तो खाली उतरवला. हे ऐकून त्या म्हणाल्या, “आता मला आईचा राग येतो तेव्हा त्या ओट्यावरच्या बाईची दया पण येते. दोन्ही येतं.” त्याहून पुढे मी त्यांना ढकललं नाही. दोन्ही येणं पुरेसं आहे.

तुमच्याकडे काका आहेत. ते भावाच्या बाजूने बोलतात म्हणून त्यांच्यावर चिडू नका, अप्पांचं लहानपण पाहिलेला आता तेवढा एकच माणूस उरला आहे. त्यांना ‘अप्पा असे का वागले’ असं विचारू नका, ते वकिली करतील. साधं विचारा: अप्पा कितव्या वर्षी मागावर बसले? तुमच्या वडिलांनी त्यांना कसं वागवलं? भिवंडीला जायच्या आधीच्या वर्षात काय चाललं होतं? उत्तर ऐकून घ्या, घरी या, आणि वहीत डाव्या पानावर ‘हे माझ्याशी केलं’ आणि उजव्या पानावर ‘हे त्यांच्याशी झालं’ असं लिहा. दोन पानांची वजाबाकी करू नका. कदाचित काकांकडून काहीच मिळणार नाही, किंवा असंही निघेल की अप्पांना काहीच कमी नव्हतं, ते नुसतेच गेले. मग उजवं पान कोरं राहील. तरीही पुढे जाता येतं.

आता मुलासमोरच्या त्या तीन वाक्यांकडे येते. ‘ते चुकलं. त्यात तुझा दोष नव्हता.’ हे शब्द घशात अडकतात, कारण अकराव्या वर्षापासून हेच तुम्हाला कुणाकडून तरी ऐकायचं आहे. काकांच्या घरी तुम्ही माफी द्यायला गेलात, पण मला वाटतं तुम्ही ती मागून घ्यायलाही गेला होतात. पाया पडून वर बघितलंत तेव्हा अप्पा काहीतरी बोलतील अशी आशा होती. ते बोलले की नाही, पत्रात नाही. अर्धांगात पुष्कळदा वाचाही जाते, त्यामुळे त्यांना बोलायचं असूनही शब्द आले नसतील, किंवा बोलायचंच नसेल. यातलं खरं काय, हे तुम्हाला कधीच कळणार नाही अशी दाट शक्यता आहे. त्या बाईंच्या आईनेही आजवर ‘चुकलं’ म्हटलेलं नाही. क्षमा त्या शब्दाला बांधून ठेवली तर तुमची सुटका अप्पांच्या लुळ्या जिभेवर अवलंबून राहील. तुम्ही ते वाक्य मुलाला बोलाल तेव्हा निदान एका मुलाने ते बापाच्या तोंडून ऐकलेलं असेल, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर काय उमटतं ते तुम्हाला जवळून दिसेल.

यापुढे अप्पांना ‘माफ केलं’ असं पुन्हा म्हणू नका. ज्याने मागितली नाही त्याला माफी सांगितली की त्याला आरोप ऐकू येतो, आणि मग ‘मी काय केलं?’ असं उलट उत्तर येऊन जखम पुन्हा उघडते. हे मी किती घरांत पाहिलं आहे. क्षमा मनात घडते, तिचं जाहीर वाचन लागत नाही.

आणि आता सगळ्यात गुंता झालेली जागा. तुमच्या घरी, काकांच्या तोंडी, बायकोच्या बोलण्यात आणि त्या प्रवचनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या आहेत. मनातला राग सोडणं, ही एक. नातं पुन्हा जोडणं, ही दुसरी. आणि आजारी म्हाताऱ्याचा सांभाळ करणं, ही तिसरी. पहिली तुम्ही एकटे करू शकता, माणूस हयात नसला तरी. प्रल्हादाने बाप गेल्यावरच ती केली, आणि त्यानंतर नरसिंहाने त्याला बापाचं उत्तरकार्यही करायला लावलं. दुसऱ्या गोष्टीला दोघं लागतात. समोरच्याचं वागणं बदललेलं नसेल तर ती होत नाही, आणि झाली नाही म्हणून पहिली खोटी ठरत नाही. तिसरी कर्तव्याची आहे, तिला मन भरून यावं लागत नाही.

तिसरीचं आधी उरका, कारण तिथे वेळ जातोय. अर्धांगानंतरचे पहिले तीन ते सहा महिने हातपाय परत यायला सगळ्यात मोलाचे असतात. काकांच्या घरी नुसतं निजवून ठेवलं तर ती संधी जाईल, आणि मग पुढची कित्येक वर्षं सगळ्यांनाच जड होईल. म्हणून याच आठवड्यात काकांशी आणि बहिणीशी बसून बोला: व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट कोण, औषध कुणी आणायचं, अंघोळ-कपड्याला माणूस ठेवायचा तर महिन्याला किती, आणि त्यातलं तुम्ही किती द्याल. आकडा ठरवा, तारीख ठरवा. कायद्याचंही माहीत असू द्या. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. ज्या बापाला स्वतःच्या कमाईवर जगता येत नाही, तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो, आणि दहा हजार रुपयांपर्यंत मासिक निर्वाह ठरवून मिळू शकतो. त्यात बापाने लहानपणी सांभाळलं होतं का, अशी अट लिहिलेली नाही. जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर आहे. हे सांगून भीती घालत नाही. उलट, हे एकदा मान्य केलंत की पैसे देताना ‘मी माफ केलंय म्हणून देतोय का’ हा प्रश्न पडणार नाही. लाइट बिल भरताना वायरमनवर प्रेम आहे का, असं आपण विचारत नाही.

घरी मात्र आत्ता आणू नका. वहिनींचा हेतू चांगला आहे, पण त्यांना नीट सांगा, की एकदा भेटून आलो तर दुसऱ्या दिवशी पोरावर हात उठला, रोज समोर आले तर काय होईल. प्रल्हादाच्या गोष्टीतली पहिली पायरी आठवा. तुमच्या बाबतीत धोका अप्पांच्या हातात नाही, तो आता तुमच्या हातात आला आहे, आणि समोर दहा वर्षांचा मुलगा आहे. तीन-चार महिने काकांकडेच राहू द्या, खर्च तुम्ही उचला, मग पुन्हा बघा. ‘लोक काय म्हणतील’ हे बोलणाऱ्यांना काकांच्या हातात दर महिन्याला पोचणारा पैसा दाखवा.

ज्या वाचकांची आई किंवा बाप आजही तसेच वागतात, त्यांच्यासाठी त्या बाईंचा नेम सांगते. रविवारी दुपारी चाळीस मिनिटं जायचं. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द आला की भांडायचं नाही, रडायचं नाही, ‘आई, मी निघते, पुढच्या रविवारी येईन’ म्हणून उठायचं. पहिल्या दोन भेटी बऱ्या गेल्या. तिसऱ्या भेटीत बाराव्या मिनिटाला त्यांना उठावं लागलं. भावाने फोन करून खूप सुनावलं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या, ठरलेल्या वेळी. नेम आईच्या लक्षात यायला सहा महिने लागले. आणि ज्यांच्यावर घरातल्याच मोठ्या माणसाने शरीराचा अत्याचार केला, त्यांनी भेटीला जायची काही गरज नाही. त्यांना नातं जोडायला सांगणारं प्रवचन उठून सोडून द्यावं.

क्षमा होते आहे हे ओळखायचं कसं, असं त्या बाई मला सारखं विचारायच्या. त्यांना वाटायचं एक दिवस छाती भरून प्रेम येईल. तसं काही झालं नाही. साधारण चौदा महिन्यांनी एका रविवारी त्या आईची नखं काढत होत्या आणि मध्येच थांबल्या. त्यांच्या ध्यानात आलं, की आज येताना रिक्षात त्यांनी आईला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी केलीच नव्हती. चाळीस वर्षं चाललेली उजळणी कधी बंद पडली ते कळलंही नाही. तुम्हीही ती खूण बघा. कारखान्यात पाळी बदलताना, गाडीवर जाताना, डोक्यात अप्पांशी जे बोलणं चालतं, ते किती वेळ चालतं. कमी व्हायला लागलं की समजा, काम चाललंय. उलटी खूणही सांगते: तोंडाने ‘मी सोडून दिलं’ म्हणताय, आणि घरात अप्पांचेच शब्द तुमच्या आवाजात ऐकू येताहेत. तसं झालं तर वहीकडे परत जा.

वहीचे चार दिवस झाले की अप्पांना भेटायला जा. सकाळी जा, संध्याकाळी थकून आल्यावर नको. अर्धा तास ठरवून जा. पाया पडायचं की नाही ते तिथे उभं राहिल्यावर ठरवा, वाटलं तर पडा. काहीतरी हाताला काम असू द्या, व्यायाम कसा करायचा ते फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या आणि त्यांचा लुळा हात खांद्यापर्यंत उचलून दाखवा. तोच हात असेल, तर एवढंच लक्षात ठेवा की आता तो उचलायलाही तुमचीच मदत लागते. मधेच उठावंसं वाटलं तर उठा. मुलाला या भेटीला नेऊ नका. निघताना तो विचारेल, बाबा, कुठे? तेव्हा त्याला खरं ते सांगा, ‘माझ्या अप्पांकडे.’